भिशीचे पहिले नंबर कुणाला लागतात ते बघा

वडगावात आमच्या गल्लीत वीस नंबरांची भिशी होती. महिन्याला पाच हजार, दहा तारखेला चिठ्ठी. ज्याने आधी उचलली त्याला पैसे आधी वापरायला मिळतात, म्हणून उचलल्यापासून त्याने साडेपाच हजार भरायचे आणि वाढलेली रक्कम पुढच्यांना मिळायची, असं ठरलं होतं. पहिला एक लाख घेऊन एकूण १,०९,५०० भरणार, शेवटचा एक लाख भरून १,०९,५०० नेणार. हा हिशोब मला आजही रास्त वाटतो.

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात असायच्या. भिशी चालवणारी बाई स्वतःच चिठ्ठी काढायची, नाव वाचायची आणि कागद चुरगाळून टाकायची. त्यावरचं नाव दुसऱ्या कुणी वाचलंच नाही. पहिला, तिसरा, चौथा आणि सहावा नंबर लागला तो तिच्या गोकाकच्या बहिणीला, भाच्याला, आणखी दोन नातलगांना. त्यांना गल्लीत कुणी कधी पाहिलेलं नव्हतं. हप्ते मात्र वेळेवर येत होते, कारण ते तीच भरत होती, आमच्याच पैशांतून.

दहाव्या महिन्यात शेजारच्या काकूंना बरोबर एक लाख मिळाले. नऊ जणांनी आधी उचललेली, म्हणजे १,०४,५०० यायला हवे होते. विचारलं तर बाई म्हणाली, “वरचे शेवटी एकदम वाटू, अक्का.” खरी धोक्याची खूण हीच होती. वाढीव रक्कम त्या-त्या महिन्यातच द्यायची असते, साठवायची नसते.

बाराव्या महिन्यात चारही नातलगांचे हप्ते थांबले. १,०५,५०० जमायचे तिथे ८३,५०० जमले. ते ऐकून आधी उचललेल्यांपैकी आणखी काही जणांनी हात आखडते घेतले: आमचं तर झालंय, आम्ही का भरायचं? माझ्यासह नऊ जणांचा नंबर लागायचा राहिला होता. प्रत्येकाचे आधीच्या अकरा महिन्यांचेच पंचावन्न हजार अडकले आहेत. त्यातल्या दोघी यंत्रमागावर कांड्या भरतात, त्यांनी मुलीच्या लग्नासाठी मुद्दाम शेवटचे नंबर मागून घेतले होते. पोलिसांत गेलो तर त्यांनी लिखापढी मागितली. वही तिच्याकडेच होती, आणि ती घराला कुलूप लावून गेली आहे. शिवाय १९८२ च्या चिट फंड कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय भिशी चालवता येत नाही, त्यामुळे बोलताना आम्हीच अवघडलो.

तुमच्याकडे भिशी चालू असेल तर चिठ्ठी दर वेळी वेगळ्या सभासदाने काढून सगळ्यांना दाखवावी. वहीच्या पानाचा फोटो त्याच दिवशी सगळ्यांकडे जावा. आणि तिसऱ्या महिन्यात जो उचलतो त्याचे सतरा हप्ते, म्हणजे ९३,५०० रुपये अजून यायचे असतात. तेवढ्या रकमेची चिठ्ठी त्याच्या आणि गल्लीतल्याच एका जामीनदाराच्या सहीने लिहून घेतल्याशिवाय त्याच्या हातात पैसे देऊ नका.