ट्रायल क्लास, फी आणि वाद्य भाड्याने मिळेल का, असा मेल आला तर आधी हे वाचा

न्यू जर्सीत मी घरच्या बेसमेंटमध्ये पेटी आणि तबल्याचे क्लास घेते. माझ्यासारखे छोटे क्लास चालवणारे जे कुणी आहेत, गाणं असो, कथक असो, व्हायोलिन असो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. खोट्या चेकच्या फसवणुकीत माझे १,६३५ डॉलर गेले, आणि ते परत मिळणार नाहीत असं बँकेने पत्र पाठवून कळवलंय. ज्या पद्धतीने गेले ती अमेरिकेत बरीच वर्षं चालू आहे आणि म्युझिक टीचर हे अशा भामट्यांचं ठरलेलं सावज आहे, म्हणून नीट सविस्तर सांगते.

सुरुवात एका अगदी साध्या मेलने झाली. एका बाईच्या नावाने होता, मुलगा आठ वर्षांचा, मुलगी अकरा, दोघांना शिकवायचंय, ट्रायल क्लास असतो का, तीन महिन्यांची फी किती होईल, आणि इन्स्ट्रुमेंट भाड्याने मिळतं का. असे मेल मला दर सीझनला येतात, विशेषतः शाळा सुरू होताना, त्यामुळे वेगळं वाटायचं काही कारणच नव्हतं. मी लिहिलं की २० मिनिटांचा ट्रायल फ्री आहे, ४५ मिनिटांच्या क्लासचे ४० डॉलर, पेटी महिना ३५ डॉलर भाड्याने देते आणि १५० डॉलर डिपॉझिट, तबल्याची जोडी मात्र सध्या एकही शिल्लक नाही.

आता तो पहिला मेल परत वाचला की एक गोष्ट डोळ्यात भरते, त्यात कुठेही पेटी किंवा तबला हा शब्दच नाहीये. 'दि इन्स्ट्रुमेंट' एवढंच. तोच मेल पियानो टीचरला जाऊ शकतो, ड्रम शिकवणाऱ्याला जाऊ शकतो, आणि जातोच. खऱ्या आईबाबांचे मेल असे नसतात हो. आपले मराठी पालक असतील तर पहिला प्रश्न गांधर्वच्या परीक्षांना बसवता का, दुसरा प्रश्न शनिवारी स्विमिंग असतं तर रविवारी चालेल का, मग एखादा क्लास चुकला तर मेकअप देता का, मुलीचा हात लहान आहे तर छोट्या तोंडाचा तबला घ्यावा का. या मेलमध्ये वार नाही, वेळ नाही, मुलं आधी काही शिकलीयेत का तेही नाही. फक्त पैसे आणि भाडं.

मी ट्रायलसाठी दोन वेळा सुचवल्या तर उत्तर आलं की ट्रायलची गरज नाही, तुमच्याबद्दल चांगलं ऐकलंय, आम्ही तीन महिन्यांचे सगळे पैसे आधीच देतो. फोनवर बोलूया म्हटलं तर म्हणे कामानिमित्त बाहेर आहे, तिथे फोन लागत नाही, मेल आणि टेक्स्टच बरं पडेल. हे कारण प्रत्येकाला वेगळं मिळतं. एका ओळखीच्या पियानो टीचरला ऐकू कमी येतं असं सांगितलं होतं, दुसऱ्या एकीला जहाजावर आहे असं. मतलब एकच, आवाज ऐकू द्यायचा नाही.

आणि मग आला भाड्याचा मुद्दा, सगळी गोम तिथेच होती. तबला तुमच्याकडे नसला तरी काळजी नको, मी एकांकडून भाड्याने ठरवलाय, मुलांना आणणारा ड्रायव्हरच तो उचलून आणेल, फक्त तो माणूस चेक घेत नाही, तर माझ्या नवऱ्याच्या ऑफिसमधून एकच चेक येईल, त्यात तुमचे पैसे, तबल्याचं भाडं-डिपॉझिट आणि ड्रायव्हरचे तीन महिन्यांचे पैसे असं सगळं असेल, तुमचे ठेवून बाकीचे ड्रायव्हरला पाठवा. आपल्याकडे कुणाला एवढं सांभाळून घेणं ही मोठी गोष्ट वाटत नाही, नवीन कुटुंब आहे, दोन मुलं शिकणार आहेत, एक पेमेंट पुढे पाठवायचंय, बस. ते लोक नेमके याच चांगुलपणावर चालतात.

माझा हिशोब असा होता. दोन मुलं, प्रत्येकी १२ क्लास, म्हणजे ९६० डॉलर. पेटीचं तीन महिन्यांचं भाडं १०५, डिपॉझिट १५०. एकूण १,२१५. कुरियरने आलेला चेक होता २,९५० डॉलरचा. साधा चेक नाही, कॅशियर्स चेक, म्हणजे आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखा, बँकेनेच काढलेला. कागद जाड, वॉटरमार्क वगैरे सगळं होतं. त्यावर पैसे भरणारा म्हणून कुठल्यातरी बांधकामाचं सामान विकणाऱ्या कंपनीचं नाव, आणि पाकीट भलत्याच राज्यातून आलेलं. विचारलं तर, हो, तीच नवऱ्याची कंपनी.

चेक मी ब्रँचमध्ये जाऊन भरला. दुसऱ्या दिवशी अकाउंटला २,९५० दिसले, अव्हेलेबल बॅलन्समध्ये. आणि त्याच दुपारपासून टेक्स्टवर टेक्स्ट, तबलेवाला वाट बघतोय, आज पैसे गेले नाहीत तर तो जोडी दुसऱ्याला देईल, मुलं खूप उत्साहात आहेत, तुमच्या त्रासाबद्दल १०० डॉलर जास्तीचे तुम्ही ठेवा. म्हणजे माझे वजा करून उरलेल्या १,७३५ मधले १,६३५ पाठवायचे. झेल म्हणजे फोनवरून लगेच पैसे पाठवायची बँकेची सोय, तिच्यावर दिवसाची मर्यादा होती म्हणून मी त्या दिवशी १,००० आणि दुसऱ्या दिवशी ६३५ असे पाठवले.

त्यानंतर पहिल्या क्लासची तारीख पुढे गेली, मग परत पुढे गेली, मग मुलगी आजारी, आणि शेवटी असं की आम्हाला अचानक दुसऱ्या राज्यात जावं लागतंय, तुमच्याकडचे १,२१५ सुद्धा परत पाठवता का. ते वाचून मी थांबले आणि बँकेला फोन केला. आठवडा उलटून गेला होता आणि चेक खोटा निघून परत आला होता. २,९५० अकाउंटमधून वजा, वर चेक परत आल्याची फी, आणि अकाउंट मायनसमध्ये. म्हणजे ड्रायव्हरला गेलेले १,६३५ हे त्यांच्या चेकमधले नव्हतेच, माझे स्वतःचे होते.

आता यातला जो भाग भारतातून आलेल्या आपल्यासारख्यांना माहीतच नसतो तो. आपल्या डोक्यात पक्कं असतं की चेक वटला की पैसे मिळतात, पैसे वापरता येतायत म्हणजे चेक वटला. अमेरिकेत तसं नाहीये. इथे रेग्युलेशन सीसी नावाचा नियम आहे, त्यानुसार बँकेला ठरावीक मुदतीत पैसे ग्राहकाला वापरायला द्यावेच लागतात, आणि कॅशियर्स चेक समोर जाऊन भरला तर साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशीच. पण तोवर ज्या बँकेने तो चेक काढला म्हणतात तिथून पैसे खरंच आलेले असतात असं नाही. बँक त्या काळात आपल्याला एक प्रकारे उसने देत असते. चेक खोटा आहे हे कळायला कधी दोनतीन दिवस लागतात, कधी काही आठवडे, आणि परत आला की पूर्ण जबाबदारी भरणाऱ्याची. खोटा चेक छापणारे कधीकधी खाली जो नऊ आकडी राउटिंग नंबर असतो तो मुद्दाम दुसऱ्याच बँकेचा टाकतात, मग चेक चुकीच्या बँकेत जाऊन फिरून येतो आणि त्यांना आणखी वेळ मिळतो. 'आज पाठवा, लगेच पाठवा' ही घाई त्या मधल्या दिवसांचीच असते.

त्यामुळे काउंटरवर 'पैसे अव्हेलेबल आहेत का' हा प्रश्न उपयोगाचा नाही, त्याचं उत्तर हो असंच येणार. क्लिअर झाला का असं विचारलं तरी समोरचा माणूस स्क्रीनवर बघून हो म्हणू शकतो. विचारायचं ते असं, की ज्या बँकेचा चेक आहे तिने याचे पैसे फायनल दिलेत का, आणि हा अजून परत येऊ शकतो का. त्याहून चांगलं म्हणजे भरण्याआधीच त्या बँकेला फोन करून चेकचा नंबर, रक्कम आणि कुणाच्या नावाने आहे ते सांगून, असा चेक तुम्ही काढलाय का हे विचारणं. फक्त फोन नंबर चेकवर छापलेला वापरू नका, तो त्या भामट्यांचाच असू शकतो, बँकेच्या वेबसाइटवरून घ्या. मी नंतर तसा फोन केला तर पाच मिनिटांत कळलं की त्या नंबरचा चेक त्यांनी काढलेलाच नाही. बांधकामवाली कंपनी खरी होती, तिचं नाव परस्पर वापरलेलं, त्यांना बिचाऱ्यांना माझ्यासारख्यांचे आणखी फोन आले होते.

झेलचे पैसे का परत मिळाले नाहीत तेही सांगते, कारण घरात सगळ्यांनी तेच विचारलं. कुणी माझं अकाउंट हॅक करून पैसे काढले असते तर कायद्याने बँकेला भरपाई द्यावी लागली असती. इथे मी स्वतः लॉगिन करून स्वतः पाठवले, मग कारण खोटं का असेना, बँकेच्या लेखी ते माझ्या परवानगीने गेले. ज्याच्या नावावर गेले ते अकाउंटही लगेच रिकामं झालेलं.

पुण्यात माझी मावसबहीण गाणं शिकवते, तिला हेच वेगळ्या रूपात आलं. तिथे चेक नाही, तिथे 'मी आर्मीत आहे, कँटोन्मेंटमध्ये पोस्टिंग झालंय, मुलीला क्लासला घालायचंय, आमचं पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, मी कोड पाठवतो तो स्कॅन करा म्हणजे फी जमा होईल'. तिने स्कॅन केलं नाही, कारण तिला हे माहीत होतं की यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. भारतात कुणाचे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

इथे मी एफबीआयच्या ic3.gov आणि reportfraud.ftc.gov वर तक्रार केली, पोलीस रिपोर्टही केला. तुमचा चेक साध्या टपालाने आला असेल तर पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसलाही कळवा, पाकीट आणि चेक फेकू नका. आणि क्लासचं म्हणाल तर, आता ट्रायलला मूल प्रत्यक्ष येऊन बसल्याशिवाय किंवा निदान व्हिडिओवर दिसल्याशिवाय मी कुणाचेच पैसे घेत नाही, ठरलेल्या रकमेपेक्षा एक डॉलर जरी जास्तीचा चेक आला तर तो न भरता तसाच बाजूला ठेवते, आणि भाड्याचं वाद्य फक्त माझ्याकडचंच देते, दुसऱ्या कुणाचे पैसे माझ्या अकाउंटमधून जात नाहीत. हे नियम मी पहिल्याच उत्तरात लिहून पाठवते आणि सोबत विचारते, मुलांना नेमकं कोणतं वाद्य शिकायचंय. गेल्या काही महिन्यांत असे जे दोनतीन संशयास्पद मेल आले, त्यातल्या एकाचंही त्यावर उत्तर आलेलं नाही.