ऑफिसची वेळ बदलायची आहे: ग्रुपवर टाकावं, बोर्डावर लावावं की आधी समोर बसून सांगावं?

जळगावच्या एमआयडीसीतलं एक ऑफिस डोळ्यांसमोर आणा. माणसं साधारण १२०. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४४-४५ वर जातो, म्हणून १ एप्रिल ते १५ जून सकाळी ८ ते दुपारी ४ अशी वेळ करायचं ठरलं आहे. निर्णय लोकांच्या सोयीचाच आहे. पण घाबरवायला सोयीची बातमीही पुरते, ती अर्धवट पोहोचली की झालं.

अशा वेळी आस्थापना विभागापुढे तीन रस्ते असतात: व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, सूचना फलकावर परिपत्रक, नाहीतर विभागप्रमुखांमार्फत समोरासमोर सांगून लगेच लेखी देणं. मी तिन्ही वापरून पाहिले आहेत. ते पारखताना मी मुख्यतः एवढंच बघतो, की पहिल्या माणसाला कळल्यापासून शेवटच्याला कळेपर्यंत किती वेळ जातो आणि तेवढ्या वेळात 'का?' याचं उत्तर कोण देतं. आपण दिलं नाही, तर चहाच्या टपरीवर कोणीतरी देतंच.

ग्रुपवरचा मेसेज सगळ्यात वेगवान, पाच मिनिटांत सगळीकडे. पण तो जातो तसाच पुढेही जातो, आणि जाता जाता त्याचं शेपूट गळतं. मी पूर्वी जिथे होतो तिथे शनिवारी संध्याकाळी साडेसहाला ग्रुपवर एक ओळ पडली: 'दि. १ पासून कार्यालयीन वेळ स. ८ ते दु. ४ राहील, सर्वांनी नोंद घ्यावी.' कारण नाही, कधीपर्यंत ते नाही. रविवारी विचारायला ऑफिस बंद. दिवसभरात ती ओळ ड्रायव्हरांच्या ग्रुपवर गेली, तिथून घरोघरी. दुपारी चारला सुटी म्हणजे चारनंतर दुसरी शिफ्ट येणार, असा अर्थ कोणीतरी लावला. दुसरी शिफ्ट म्हणजे नवी माणसं, आणि नवी माणसं म्हणजे जुन्यांचं काय? सोमवारी सकाळी अमळनेरहून येणारे आमचे शिपाई नाना दारातच थांबले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पगार कमी व्हई का?" त्यांच्या हातात रेल्वेचा पास होता. तो पुढच्या महिन्यासाठी काढावा की नाही, याच विचारात माणूस रविवारभर होता. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. एक ओळ जास्त लिहिली असती तर हे टळलं असतं.

म्हणून ग्रुप फक्त एका दिवसाच्या बदलासाठी वापरा. उद्या उन्हामुळे तासभर आधी सुटी द्यायची असेल, तर ग्रुपसारखं साधन नाही.

परिपत्रकाचं बळ वेगळं आहे. त्यावर जावक क्रमांक असतो, तारीख असते, सही-शिक्का असतो आणि मजकूर कोणाला बदलता येत नाही. शिवाय कायद्याला लेखीच लागतं. कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरणाऱ्यांच्या कामाच्या तासांत किंवा मधल्या सुटीत बदल करायचा असेल, तर २१ दिवस आधी नोटीस द्यायची ही अट औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये होती, ती औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही आहे. कारकुनी काम करणारी बरीचशी मंडळी या व्याख्येत येतात, त्यामुळे 'आम्ही तर ऑफिसवाले' म्हणून ती सोडू नका. तुमच्या कायदा सल्लागाराला मसुदा दाखवून घ्या. फलकाची अडचण अशी, की तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच दिसतो. रजेवरचा, फिरतीवरचा, गोदामातला माणूस तो दोन दिवसांनी वाचतो, तोवर त्याने तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला असतो. आणि कागदाला प्रश्न विचारता येत नाही.

तिसरा रस्ता जास्त मेहनतीचा, पण अडीच महिन्यांच्या बदलासाठी मी डोळे झाकून तोच निवडेन. वरच्या उदाहरणात तो असा उतरतो. २१ दिवस मोजून तारीख १० मार्च, वार मंगळवार. सकाळी १० ला सगळे विभागप्रमुख एका खोलीत, प्रत्येकाच्या हातात तोच अर्ध्या पानाचा कागद. साडेदहाला प्रत्येक जण आपापल्या माणसांना पंधरा मिनिटं सांगतो. अकराला परिपत्रक फलकावर आणि त्याचाच फोटो ग्रुपवर. रजेवर किंवा फिरतीवर असलेल्यांना त्यांच्याच प्रमुखाचा फोन, तोही अकराच्या आत. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या माणसात अंतर फक्त तासाभराचं.

या रस्त्यातला धोका प्रमुखांच्या जिभेवर असतो. एक जण कारण समजावतो, दुसरा खांदे उडवून "वरून ऑर्डर आली" एवढंच म्हणतो, आणि त्या दुसऱ्याच्या विभागात लोक त्या 'वरून'चा अर्थ शोधत बसतात. म्हणून अर्ध्या पानात जे बदलणार नाही ते आधी लिहा. माझा मजकूर असा असतो:

'उन्हाच्या त्रासामुळे १ एप्रिल ते १५ जून या काळात ऑफिस सकाळी ८ ते दुपारी ४ चालेल. १६ जूनपासून पुन्हा १० ते ६. कामाचे एकूण तास, पगार, साप्ताहिक सुटी आणि जेवणाची अर्धी सुटी यांत बदल नाही. दुसरी शिफ्ट सुरू होणार नाही. सकाळी ८ ला पोहोचायला बस किंवा गाडीची अडचण असेल, त्यांनी शनिवारपर्यंत आस्थापना विभागात येऊन सांगावं.'

'दुसरी शिफ्ट सुरू होणार नाही' हे वाक्य लिहायला काही जण कचरतात. म्हणतात, उगाच डोक्यात कशाला घालायचं? पण ते आधीच डोक्यात असतं. अर्थात ते खरं असेल तरच लिहायचं. पुढे खरोखर शिफ्ट येणार असेल आणि तुम्ही नाही म्हणालात, तर पुढचं एकही परिपत्रक कोणी खरं मानणार नाही.

अडचणीवाल्यांची गोष्ट जरा थांबून बघू. भुसावळ, पाचोरा, अमळनेरहून रोज गाडीने येणारे, एसटीवर अवलंबून असलेले, सकाळी मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या ताई, यांना आठची वेळ खरोखर जड जाऊ शकते. म्हणून निर्णयाआधी एकेकाला बाजूला घेऊन "तुम्हाला आठला जमेल का?" असं विचारायचा मोह होतो. तो टाळा, कारण कुजबुज तिथूनच सुरू होते. कोण कुठून येतं हे हजेरीपत्रकाच्या पत्त्यांवरून कळतं, गाड्यांची वेळापत्रकं उघडी आहेत. आकडा तुम्हीच काढा. आठच्या आत पोहोचवणारी गाडीच नसेल, तर त्या मोजक्या माणसांसाठी साडेआठ ते साडेचारची सवलत आधीच मंजूर करून घ्या आणि शनिवारपर्यंत ती माणसं आली की लगेच लेखी द्या.

दिवस निवडताना शनिवार आणि पगाराचा आठवडा सोडा. आणि ३१ मार्चला संध्याकाळी सगळे गेल्यावर अंगठ्याच्या मशीनमध्ये नवी वेळ स्वतः उभं राहून घालून घ्या. आम्ही एकदा ते विसरलो. माणसं नव्या वेळेप्रमाणे चारला गेली, मशीनने जुन्या वेळेप्रमाणे सगळ्यांना 'लवकर गेले' धरून अर्ध्या दिवसाचा मेसेज पाठवला, आणि 'पगारात बदल नाही' असं ज्यांनी सहीनिशी वाचलं होतं तेच लोक दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल हातात धरून आमच्या टेबलापुढे रांगेत उभे होते.