खाचांची पट्टी आणि खडूची दोरी: आठ महिन्यांचा अनुभव

गुहागर तालुक्यातील आमच्या शाळेत मी जूनपासून फळ्यावरची शीर्षके दोन साध्या वस्तूंच्या आधारे लिहितो: सुताराकडून करून घेतलेली वीतभर फणसाची पट्टी आणि सुती दोरी. पट्टीच्या कडेला 0, 4, 12 आणि 16 सेंटिमीटरवर खाचा आहेत. मधले 8 सेंटिमीटर अक्षराच्या अंगाचे, वरचे 4 वेलांटी व मात्रांचे आणि खालचे 4 उकारांचे. पूर्वी मी केवळ अंगाची उंची सांभाळत असे आणि वेलांट्या फळ्याच्या चौकटीला जाऊन भिडत.

पट्टी फळ्याच्या दोन्ही टोकांना धरून खाचांपाशी ठिपके द्यावेत. मोजमाप मात्र वरच्या चौकटीपासून करावे, कारण फळा किंचित कलता टांगलेला असला तरी नजर ओळीची तुलना चौकटीशीच करते. मग खडूची पूड लावलेली दोरी ठिपक्यांवर ताणून, मधोमध चिमटीत धरून सरळ आपल्याकडे ओढावी व सोडावी. ती तिरकी ओढली गेली, तर रेघ जाड व दुहेरी उमटते.

रुंदीचा हिशेब मला सर्वांत उपयोगी पडला. ‘वनस्पतींचे अवयव’ हे शीर्षक घ्या. साधे अक्षर, पुढच्या मोकळ्या जागेसह, एक घर, म्हणजे 8 सेंटिमीटर. ‘स्प’, ‘तीं’ आणि ‘अ’ प्रत्येकी दीड घर. पहिला शब्द सहा घरांचा, दुसरा साडेचार घरांचा आणि शब्दांमध्ये एक घर, म्हणजे एकूण साडेअकरा घरे. आठने गुणल्यावर 92 सेंटिमीटर होतात. माझा फळा 180 सेंटिमीटरचा असल्याने डावीकडे 44 सोडून सुरुवात केली की शीर्षक मध्यावर येते. तरीही घरे डोळे मिटून पाळू नयेत: ‘न’ आणि ‘य’ यांचा काना उजवीकडे असतो, त्यामुळे त्यांच्यापुढे अंतर कमी भासते, तर ‘ट’, ‘द’ यांच्या भोवती मोकळी जागा आपोआप दिसते. तेथे अर्धा बोटभर सरकवावे लागते. शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर एकाच ओढीत द्यावी आणि लिहिताना खडू बोटांत फिरवत राहावा, म्हणजे टोक एका बाजूने झिजून रेषा अचानक जाड होत नाही.

तक्रार आहे ती पावसाळ्याची. जुलैत समुद्राकडच्या खिडकीतून येणाऱ्या दमट वाऱ्याने दोरी ओलसर झाली, पूड गोळ्या होऊन चिकटली आणि बारीक रेघेऐवजी फराटा उमटू लागला. दमट फळ्यावर खडूही घसरतो; लिहिलेले फिके दिसते म्हणून आपण दाबून लिहितो आणि फळा सुकल्यावर ते नको तितके ठळक होते. त्या दोन महिन्यांत मी दोरी आणि खडू घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवले. दोरी बरीच सुधारली, पण फळ्याला मात्र कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटे थांबण्यावाचून पर्याय सापडला नाही.

आणखी एक उणीव म्हणजे मीटरभराहून लांब ओळीला दोरीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी लागते. आमच्याकडे ते काम सहावीतली मुले भांडून घेतात.