जुन्या भिंतीतली ओल शोधायला थर्मल कॅमेरा की मॉइश्चर मीटर?

जुनं घर दुरुस्तीला काढलंय आणि गिलावा फोडायच्या आधी ओल कुठून येते ते कळायला हवंय, तर प्रश्न बहुतेक या दोन वस्तूंवर येऊन थांबतो. मी दोन्ही वापरल्यात. आमचं घर खाडीलगत, जांभ्या चिऱ्याचं, आतून चुन्याचा गिलावा. घाटावरच्या विटांच्या वाड्यात हिशोब थोडा वेगळा असू शकेल.

मीटर स्वस्त, खिशात मावणारा. त्याची दोन टोकं भिंतीला टेकवली की त्यांच्यामधून वीज किती सहज जाते ते तो मोजतो. आकडे मुळात लाकडासाठी बसवलेले असतात, त्यामुळे गिलाव्यावर २४ आला म्हणजे भिंतीत २४ टक्के पाणी आहे असं नाही. कोरड्या जागेशी तुलना करायची, एवढाच त्याचा अर्थ. इतपत मला चालत होतं.

वैताग आणला तो खाराने. ओल वर्षानुवर्षं भिंतीतून येऊन वाळत राहिली की मीठ गिलाव्यात साठतं. खारट ओलीतून वीज जास्त सहज जाते, म्हणून जेमतेम दमट भिंतही मीटरला चिंब वाटते. त्यात साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून घेतं, आणि खाडीकाठी तेवढी आर्द्रता कायमचीच. आमच्या माजघराच्या पश्चिम भिंतीवर जोत्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत मीटर सगळीकडे ओरडत होता. गवंडी म्हणाला, "जमिनीतनं ओल चढत्येय, जोत्यात केमिकल भरूया." मीटरकडे बघून त्याला खोटं ठरवता येत नव्हतं.

थर्मल कॅमेऱ्याला ओल दिसत नाही, दिसतं ते फक्त पृष्ठभागाचं तापमान. ओल्या जागी पाणी उडतं आणि तेवढा भाग गार होतो, म्हणून तो वेगळा उमटतो. ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर, दारं-खिडक्या उघड्या ठेवून आणि पंखा लावून मी तीच भिंत पाहिली. पायथा जवळजवळ एकसारखा होता. उलट वरच्या कोपऱ्यातून, भिंत आढ्याला मिळते तिथून, एक गार पट्टा तिरका खाली उतरलेला दिसला, बाजूच्या भिंतीपेक्षा जेमतेम दीड अंशाने गार. वर चढून पाहिलं तर पन्हळीजवळची कौलं सरकलेली होती. जोत्याला हात न लावता काम कौलांवर निभावलं. पुढच्या काही आठवड्यांत कॅमेऱ्यावर तो पट्टा आक्रसत गेला. मीटर मात्र त्याच जागी तोच आकडा दाखवत राहिला, कारण पाणी गेलं तरी मीठ तिथेच होतं. दुरुस्ती लागू पडली की नाही हे जे यंत्र सांगू शकत नाही, त्यावर किती विसंबायचं? माझ्यापुरता निकाल तिथे लागला.

पोकळीच्या बाबतीत फारशी स्पर्धाच नाही. गिलावा चिऱ्यापासून सुटला असेल तर मधल्या हवेमुळे ऊन खाल्ल्यावर तो भाग आजूबाजूपेक्षा लवकर तापतो आणि संध्याकाळी लवकर निवतो. पश्चिमेची भिंत उतरत्या उन्हात पाहिली तर असे ठिपके दिसतात, मग बोटाने ठोकून पोकळ वाजतं का ते बघायचं. मीटरचा दुसरा प्रकार, टोकं न टेकवता नुसता भिंतीवर धरायचा बिनटोकांचा मीटर, अशा जागी हवेमुळे उलट जास्तच कोरडं दाखवतो. पण दीड-दोन फुटी भिंतीच्या पोटातली पोकळी कॅमेऱ्यालाही सहसा दिसत नाही, त्या आशेवर तो घेऊ नये.

कॅमेऱ्याचेही नखरे आहेतच. तो मीटरच्या कैक पटींनी महाग, त्यामुळे एका घरासाठी भाड्याने मिळाला तर उत्तम. भर पावसाळ्यात पाणी उडतच नाही, तेव्हा ओली भिंत आणि कोरडी भिंत सारखीच दिसते. ऑइल पेंटवर आपल्याच अंगाची ऊब परावर्तित होऊन ठिपका बनते. बाजूला सरकलात आणि ठिपकाही सरकला तर तो भिंतीचा नव्हे. कपाट हलवलंत तर मागची भिंत खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. आणि रंगांची पट्टी आपोआप बदलू देऊ नका, नाहीतर अर्ध्या अंशाचा फरकही लाल-निळा होऊन घाबरवतो.

तरी मीटर मी टाकून दिलेला नाही. सागाच्या किंवा फणसाच्या तुळयांची भिंतीत गेलेली टोकं त्यानेच तपासतो. लाकडावर त्याचा आकडा खरोखर टक्क्यांचा असतो, आणि तो २० च्या वर टिकून राहिला तर कुजण्याची भीती धरावी. तुमच्या घरात चिऱ्यापेक्षा लाकूड जास्त असेल, तर आधी मीटरच घ्या.