अकरा महिन्यांचा करार की तीन वर्षांचा?

राजारामपुरीतला फ्लॅट, भाडे १०,००० रुपये, डिपॉझिट ५०,०००. मालक म्हणतात, "अकरा महिन्यांचं नोटरी करूया, नोंदणीची भानगड नको."

ही सवय १९०८ च्या नोंदणी कायद्यातली. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्यात नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा. पण महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ मुदत बघतच नाही. लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. खोडायचे तर पुरावा मालकाने द्यायचा. म्हणजे नोटरीचा कागद मालकालाच जास्त महागात पडतो, गंमत आहे!

खर्चाचेही तसेच. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचे भाडे आणि डिपॉझिटवर धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, शहरात नोंदणी फी १,००० रुपये. अकरा महिन्यांना सुमारे १,३०० रुपये लागतात, तेही दर नूतनीकरणाला. छत्तीस महिन्यांना एकदाच सुमारे १,९५०.

तरी नुसत्या लांब मुदतीने घर टिकत नाही. मालकाला एका महिन्याच्या नोटिशीवर करार मोडता येईल असे कलम असेल, तर छत्तीस महिने कागदावरच राहतात. मी आधी तेच कलम वाचतो. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार न मोडण्याची अट, दोघांनाही लागू असेल, तर तीन वर्षांचाच घ्यावा.