टॉवेलच्या कारखान्यात रिकुपरेटरवाली गॅस टर्बाइन: नऊ महिने वापरल्यानंतर

जूनमधली गोष्ट. रात्री पाऊस पडून गेला होता, सकाळी बाहेर २७ अंश होतं. डाइंगच्या, म्हणजे टॉवेल रंगवण्याच्या, गरम पाण्याची टाकी सांभाळणारे मामा खुशीत सांगत आले, "साहेब, चिमणीचं पाणी आज लई लवकर तापलंय की ओ! दोन तासाची टाकी पावणेदोन तासात झाली." टर्बाइनच्या धुरावर आम्ही तीन हजार लिटर पाणी तापवतो, त्यामुळे मामांना आनंद होणं साहजिक होतं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. या मशीनच्या चिमणीतून जास्त उष्णता यायला लागली, म्हणजे ती दुसरीकडून कुठून तरी चोरीला जात असते. आमच्या बाबतीत ती कुठून गेली आणि मला ती कशी सापडली, यासाठीच हा अनुभव लिहितोय.

आधी मशीनबद्दल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. विणकाम आणि डाइंग दोन्ही एकाच आवारात. ऑक्टोबरमध्ये आम्ही ६५ किलोवॅटची मायक्रो गॅस टर्बाइन बसवली. इंधन सीएनजी, ट्रकवरच्या सिलिंडरांच्या कॅस्केडमधून येतो. त्याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. टर्बाइनला गॅस दाबाने द्यावा लागतो आणि कॅस्केडमध्ये तो दाब असतोच, म्हणून वेगळा गॅस कॉम्प्रेसर घ्यावा लागला नाही.

या मशीनचा जीव रिकुपरेटरमध्ये आहे. कॉम्प्रेसर बाहेरची हवा चौपट दाबतो, म्हणजे प्रेशर रेशो ४. दाबली की हवा तापते आणि २७ अंशांची हवा साधारण २१४ अंशांवर पोचते. साध्या टर्बाइनमध्ये ती तशीच ज्वलनकक्षात जाते आणि गॅस जाळून तिला ९०० अंशांपर्यंत न्यावं लागतं. टर्बाइनमधून काम करून ती बाहेर पडते तेव्हाही ५७८ अंशांची असते. एवढी तापलेली हवा सरळ चिमणीतून सोडून द्यायची, तर निम्म्याहून जास्त गॅस आकाशाला शेकवण्यात जातो. रिकुपरेटर म्हणजे स्टीलच्या पातळ पत्र्यांचा एक गठ्ठा. पत्र्याच्या एका बाजूने ५७८ अंशांचा धूर जातो, दुसऱ्या बाजूने २१४ अंशांची दाबलेली हवा. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त पत्र्यातून उष्णता देवघेव होते. हवा ५२३ अंशांची होऊन ज्वलनकक्षात शिरते आणि धूर २६८ अंशांवर उतरून चिमणीकडे जातो.

आता गॅसला फक्त ५२३ पासून ९०० पर्यंतचं काम उरलं. आधी ६८६ अंशांची चढण होती, ती ३७७ झाली. म्हणजे गॅस जवळजवळ ५५ टक्केच लागतो. वीज मात्र तेवढीच मिळते, कारण कॉम्प्रेसरने खाल्लेलं काम बदललं नाही आणि टर्बाइनने दिलेलंही नाही. प्रेशर रेशो तोच, कामही तेच, फक्त इंधन कमी. मी वहीत हवेची विशिष्ट उष्णता कायम धरून हिशेब मांडला, तर रिकुपरेटर नसताना कार्यक्षमता सुमारे २० टक्के येते आणि असताना ३६.

प्रत्यक्षात मला २८ च्या आसपास मिळते. अरुंद वाटांमधून हवा आणि धूर जाताना दाब पडतो. दोन्ही बाजूंचा मिळून ५ टक्के दाब पडला, तरी वहीतलं निव्वळ काम सात टक्क्यांनी घटतं. टर्बाइनच्या कामातला मोठा भाग कॉम्प्रेसरच खातो, त्यामुळे वरचा थोडासा तोटा आपल्या वाट्याच्या उरलेल्या कामावर मोठा पडतो. पुढे जनरेटर, इन्व्हर्टर, गळणारी उष्णता हे सगळं आहेच. टर्बाइन विकणाऱ्या माणसाने ३६ चा आकडा दाखवला, तर वहीतला आहे की मीटरवरचा, एवढं विचारून घ्या.

एक शंका मलाही आली होती, ती इथे सांगतो. दाब चौपटच का? दहापट करून जास्त काम काढता येणार नाही का? मी तोही हिशेब केला. दहापट दाबली की हवा ३८५ अंशांवर जाते आणि टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर ४२५ वर उतरतो. दोघांत फरक उरला ४० अंशांचा. रिकुपरेटरला देण्याघेण्यासारखं काहीच राहत नाही, कार्यक्षमता २३ वरून जेमतेम २४ होते. अकराच्या आसपास दोन्ही तापमानं सारखी होतात, आणि त्यापुढे रिकुपरेटर लावला तर दाबलेली हवाच धुराला तापवायला लागेल. म्हणून रिकुपरेटरवाल्या छोट्या टर्बाइन्स कमी दाबावर चालतात. मोठा प्रेशर रेशो असलेली टर्बाइन चांगली आणि कमी असलेली स्वस्तातली, असा माझा आधी समज होता. तो चुकीचा निघाला.

आता जूनची ती सकाळ. खरेदी करताना मी हट्ट धरून तापमान मोजणारे दोन जादा थर्मोकपल बसवून घेतले होते: एक रिकुपरेटरमधून बाहेर येणाऱ्या हवेवर, दुसरा चिमणीच्या तोंडाशी. घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, नंतर बसवायला गेलं तर सगळं झाकण उघडावं लागतं. मामांचं बोलणं ऐकून मी रीडिंग पाहिलं. चिमणीला २६८ ऐवजी ३०५ आणि रिकुपरेटरमधून हवा निघते ५२३ ऐवजी ४८७ वर. वीज ५९ वरून ५८ किलोवॅट, म्हणजे एवढा फरक एरवी कुणी पाहिलाही नसता. गॅसचा हिशेब मात्र बोलका होता. एरवी विजेच्या एका युनिटला २७० ग्रॅम सीएनजी लागायचा, आता २९५ लागत होता.

रिकुपरेटरचा जोर मोजायची पद्धत सोपी आहे. हवा किती तापली, भागिले ती जास्तीत जास्त किती तापू शकली असती. आमचं आधी ५२३ वजा २१४, भागिले ५७८ वजा २१४, म्हणजे ०.८५ यायचं. त्या दिवशी ०.७५ आलं. मामांच्या टाकीत जी जादा उष्णता गेली, ती आम्ही गॅस जाळून विकत घेतलेली होती. वीज करून उरलेली नव्हती.

कारण निघालं टॉवेलच्या धंद्याचं. विणकामाच्या शेडमधला कापसाचा मुसा, म्हणजे बारीक तंतूंचा भुगा, सगळीकडे उडतो, आणि हवेच्या फिल्टरच्या चौकटीची रबरी कड एका बाजूला आकसली होती. बोटभर फटीतून मुसा आत जात राहिला. कॉम्प्रेसरच्या पात्यांवर थोडा बसला, बाकीचा पुढे २१४ अंशांच्या हवेबरोबर रिकुपरेटरच्या तोंडाशी जाऊन करपला. झाकण काढल्यावर मी स्वतः पाहिलं. पत्र्यांच्या मधल्या बारीक फटींवर तपकिरी, ठिसूळ खपली, भाकरीचा पापुद्रा तव्याला चिकटावा तशी. सर्व्हिसवाल्यांनी कोरड्या दाबाच्या हवेने उलट्या दिशेने फुंकून काढली, कॉम्प्रेसर धुतला आणि कड बदलली. त्यानंतर हवा ५१५ पर्यंत आली. ५२३ परत दिसलं नाही. चौकट बसवणाऱ्यांनी ती कड टॉवेल युनिटसाठी योग्यच असल्याचं सांगितलं होतं, याचा मला आजही राग आहे. आता शेडकडची बाजू सोडून हवा मागच्या भिंतीकडून घेतो आणि फिल्टर दर सोमवारी उघडतो.

सावध करायची आणखी एक बाब. पत्रा फाटला किंवा वेल्डला चीर गेली, तर लक्षणं उलटी असतात. दाबलेली हवा टर्बाइनला न जाता थेट धुरात गळते. तेव्हा वीज घटते, पण वरचा भागाकार ठीकच दिसतो, कधी थोडा जास्तही, कारण उरलेली कमी हवा जास्त तापते. म्हणून नुसता तो आकडा पाहून समाधान मानू नका. किलोवॅट आणि गॅस दोन्ही शेजारी लिहून ठेवा. आमच्याकडे हे अजून झालेलं नाही, होऊ नये म्हणूनच चालवण्याची पद्धत बदलली.

सुरुवातीचे दोन महिने आम्ही जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करत होतो. चुकलं. रिकुपरेटर थंड असताना तो नसल्यासारखाच असतो, गठ्ठा तापेपर्यंत गॅस भरपूर जातो. शिवाय प्रत्येक वेळी तापणं-थंड होणं म्हणजे पातळ पत्रे आणि वेल्ड ताणले जातात, चिरा तिथूनच पडतात. आता सकाळी सातला सुरू, रात्री अकराला बंद, मध्ये हात लावत नाही. वीज गेली की लगेच चालू करायला हे मशीन घेऊ नका, त्यासाठी डिझेल जनरेटर बरा. बंद करतानाही रोटर काही वेळ फिरू द्यावा लागतो, नाहीतर गठ्ठ्यात साठलेली उष्णता बेअरिंगांकडे परतते. स्विच दाबून घरी जायची सवय असलेल्या ऑपरेटरला हे आधी समजावून सांगा.

उन्हाळ्याची तक्रार आहे. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ ला गेला तेव्हा ६५ किलोवॅटच्या मशीनने ५२ दिले. नावाच्या पाटीवरचा आकडा १५ अंशांच्या हवेसाठी असतो. गरम हवा विरळ असते, शिवाय तिला दाबायला जास्त काम लागतं. रिकुपरेटर इथे फारसं काही करू शकत नाही, तो गॅस वाचवतो, किलोवॅट वाढवत नाही. आमच्या भागात घेणाऱ्याने गरजेचा हिशेब ५० वर धरावा.

शेजारच्या एका युनिटवाल्यांनी मला विचारलं, आपणही घ्यावं का. त्यांना वाफ जास्त लागते, वीज कमी. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही रिकुपरेटरवालं घेऊ नका." ५७८ अंशांच्या धुरावर वाफ चांगली निघते, २६८ वर तेवढी नाही. रिकुपरेटर जी उष्णता गॅस वाचवायला वापरतो, ती धुरातूनच काढतो. आम्हाला डाइंगसाठी ८० अंशांचं पाणी पुरतं आणि वीज दिवसभर लागते, म्हणून आमच्याकडे हिशेब बसला.

गेल्या आठवड्यात मामा पुन्हा आले, या वेळी कुरकुरत. टाकीला परत दोन तास लागतात म्हणून. मी त्यांना पॅनलजवळ नेऊन ५१५ चा आकडा दाखवला आणि वहीत रोज तो लिहायचं काम त्यांनाच दिलं. आता पाणी लवकर तापलं, की ते आधी वही उघडतात.