बेरीज जुळत होती, तरी डाळिंबाचे पैसे गेले

सांगोला तालुक्यातला आमचा १२ जणांचा शेतकरी गट. सगळ्यांचं भगवा जातीचं डाळिंब एकत्र करायचं, निवड करून व्यापाऱ्याला द्यायचं आणि आलेले पैसे ज्याच्या त्याच्या मालाप्रमाणे वाटायचे. कुणाचा माल किती किलो, कितवा नंबर, काय दर, हे सगळं गटाचा एक सभासद मोबाईलवर गूगल शीट्सच्या तक्त्यात भरायचा. आम्हाला प्रत्येकाला फक्त आपापल्या ओळीचा फोटो यायचा. तिथंच आम्ही फसलो.

एका तोड्याला माझे २० किलोचे ४० क्रेट गेले. घरच्यांनी बागेतच माल वेचला होता, त्यातले ३० क्रेट, म्हणजे ६०० किलो, एक नंबर. तक्त्यात मात्र ४२० किलोच एक नंबर आला, बाकी दोन नंबर. विचारलं तर म्हणाला, "शेडवर परत निवड झाली, डाग निघाले." डाळिंबाला डाग निघतातच, म्हणून मी गप्प बसलो. एक नंबरला ११० रुपये आणि दोन नंबरला ७० रुपये दर होता. १८० किलोवर किलोमागे ४० रुपये, म्हणजे एका तोड्यात माझे ७,२०० रुपये गेले.

आम्ही महिन्याच्या बैठकीत व्यापाऱ्याची पट्टी तक्त्याशी ताडून बघायचो. एकूण किलो जुळायचे, नंबरवार किलो जुळायचे, बँकेत आलेली रक्कमही जुळायची. जुळणारच, कारण त्यानं बेरीज बदललीच नव्हती. आमचा एक नंबर काढून तो आपल्या मेव्हण्याच्या नावावर टाकायचा आणि मेव्हण्याचा दोन नंबर आमच्या नावावर.

एकदा अध्यक्षांनी पूर्ण तक्ता मागून घेतला, तेव्हा मेव्हण्याच्या ४० क्रेटपैकी ३४ एक नंबर दिसले. त्याच्या बागेत पावसाळ्यात तेल्या रोग शिरला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मग आम्ही तक्ता भरणाऱ्यालाच सोबत घेऊन त्याच्या खात्यावरून कॉम्प्युटरवर तीच फाईल उघडली. `File > Version history > See version history` इथं आकडे कधी बदलले ते दिसतं. गाडी गेल्यानंतर, रात्री, एकामागून एक ओळी बदललेल्या होत्या. फाईल नुसती बघण्याची परवानगी असलेल्याला हे दिसत नाही.

आता शेडवर निवड झाली की तिथंच दोन प्रतींची चिठ्ठी होते: सभासदाचं नाव, क्रेट, प्रत्येक नंबरचे किलो आणि दोघांच्या सह्या. गाडी हलायच्या आधी एक प्रत सभासदाच्या खिशात जाते. तक्ता गटाच्या खात्यावर असतो आणि सगळ्या ओळी सगळ्यांना दिसतात. चिठ्ठी नसलेला आकडा धरला जात नाही, अध्यक्षांचा असला तरी.

माझ्या पाच तोड्यांपैकी दोनचे पैसे परत मिळाले. आधीच्या तीन तोड्यांचं माझ्याकडे काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते मागताच आले नाहीत.